पगडी काळी नव्हती आणि ती बाई कदाचित पणजी असेल, पण त्यांची बायको नाही

प्रश्न: आजोबांच्या ट्रंकेत जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला फोटो सापडला. मागे काहीच लिहिलेलं नाही. खुर्चीवर काळी पगडी घातलेले गृहस्थ, शेजारी गडद लुगड्यात डोक्यावरून पदर घेतलेली म्हातारी, मागे फुगीर बाह्यांची तरुण सून (नाकात नथ, डोकं उघडं, केसांत फुलं), पुढे गोल काळ्या टोपीतला मुलगा. घरचे म्हणतात हे खापरपणजोबा-खापरपणजी, फोटो पेशवाईतला. कपड्यादागिन्यांवरून समाज आणि काळ कळेल का?

उत्तर:

पेशवाई १८१८ साली संपली आणि फोटो काढण्याची कला जगासमोर आली १८३९ मध्ये, तेव्हा तो दावा आधी मोडीत काढा. बाकीचं बरंच कळेल. मात्र नथ आणि पगडीपासून सुरुवात करू नका. सगळे तिथूनच करतात आणि तिथेच फसतात.

पहिली गोष्ट रंगांची. त्या काळच्या काचेच्या प्लेटांना निळा रंग चटकन उमटायचा, तांबडा जवळजवळ नाहीच. म्हणून लाल वस्तू फोटोत काळी येते, निळी फिकी पडते आणि पिवळं सोनं मळकट दिसतं. मोती मात्र लख्ख पांढरे येतात. त्यामुळे मोत्यांची नथ उठून दिसते आणि गळ्यातली सोन्याची ठुशी लुगड्यात हरवून जाते, मग आपण म्हणतो, "दागिने फारसे नव्हते वाटतं." तुमच्या फोटोतली काळी पगडी बहुधा लाल आहे. म्हातारीचं गडद लुगडंही लाल असू शकतं, आणि तसं असेल तर गोष्ट बदलते. म्हणून पुढे जाण्याआधी फोटो निदान ६०० डीपीआयला स्कॅन करा आणि प्रत्येक चेहरा, गळा, मनगट वेगळं मोठं करून बघा.

तेवढ्यात फोटो उलटा तर छापलेला नाही ना, हेही पाहून घ्या. आपल्याकडे नथ डाव्या नाकपुडीत असते. ती बाईच्या स्वतःच्या उजव्या नाकपुडीत दिसत असेल तर कोणीतरी नंतर केलेली प्रत उलटी छापली आहे, आणि पदर कुठल्या खांद्यावर आहे वगैरे निष्कर्ष तिथेच बाद.

आता डोक्यावरचा पदर. महाराष्ट्रात या एका गोष्टीचे दोन अगदी उलटे अर्थ होतात. मराठा घराण्यांत सवाष्ण बाई डोक्यावरून पदर घेते, तो मान-मर्यादेचा भाग. जुन्या ब्राह्मण घरांत सवाष्णीचं डोकं उघडं असायचं, केसांत फुलं, खोपा किंवा अंबाडा दिसायचा. डोक्यावरून पदर असायचा तो विधवेच्या, कारण केशवपन झालेलं असायचं. मी स्वतः एकदा एका मराठा घरातल्या फोटोतल्या बाईंना "या विधवा असाव्यात" असं बोलून बसलो होतो. त्यांची नात समोरच होती. तिने निमूट फोटो हातात घेतला, बोट मंगळसूत्रावर ठेवलं आणि चहा न देता मला वाटेला लावलं.

म्हणून एकटी बाई कधीच वाचू नये, तिच्या शेजारची बाई सोबत वाचावी. तुमच्या फोटोत सुनेचं डोकं उघडं आहे आणि फुलं आहेत. म्हणजे या घरात पदर घेण्याची रीत नाही, तरीही म्हातारीने तो घेतला आहे. आता तिची मनगटं आणि कपाळ मोठं करून पाहा. बांगड्या नसतील, कपाळ मोकळं असेल, गळ्यात काही नसेल, तर गडद लुगडं म्हणजे आलवण, विधवेचं लाल लुगडं, आणि पदराखाली केस नसणार. बऱ्याच घरांत अशा बाईला चोळीही वर्ज्य असे, तेव्हा दंडही बघा. कपाळ मात्र जपून वाचा. सवाष्णीचं कुंकू लाल असल्यामुळे काळा ठिपका म्हणून उमटतं, पण झिजलेल्या फोटोत ते नाहीसं होतं आणि काही ठिकाणी छायाचित्रकाराने हाताने काढलेलंही असतं.

हे जमलं तर घरच्यांची वंशावळ एका पिढीने सरकते. ज्यांना तुम्ही नवरा-बायको समजता ते नवरा-बायको असू शकत नाहीत, कारण तिचा नवरा फोटो काढला तेव्हा हयात नव्हता. पगडीवाले गृहस्थ तिचा मुलगा असावेत, नाहीतर दीर किंवा भाऊ. वयातलं अंतर चेहऱ्यावर दिसत असेल तर मुलगाच धरा, आणि सून बहुधा त्यांची बायको किंवा त्यांच्या मुलाची.

काळासाठी म्हातारीकडे पाहू नका, ती तिच्या तरुणपणीचे कपडे घालते. सर्वात नवं कोणी नेसतं? तरुण सून. पूर्वी खणाची चोळी पुढे गाठ मारून घालत. पुढे लांब बाह्यांची, झालरी-लेस लावलेली पोलकी आली, आणि फुगीर बाह्या एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी व विसाव्याच्या सुरुवातीला शहरी, शिकलेल्या घरांत दिसतात. तिचे पाय दिसत असतील तर लुगड्याची खालची कड बघा. मध्ये काष्ट्याची फट पडली असेल तर नऊवारी. सरळ गोल कड असेल तर पाचवारी, आणि ती शहरांत सर्रास झाली ती नंतर. पुठ्ठाही मोजा. साधारण ११ बाय १६.५ सेंटिमीटर असेल तर ते 'कॅबिनेट' आकाराचं कार्ड, जे १८७० नंतर पसरलं आणि पहिल्या महायुद्धाच्या सुमारास मागे पडलं. या सगळ्यावरून मी १८९५ ते १९१० असा काळ धरेन. मुलाची टोपी त्याला बाधा आणत नाही. तीच पांढरी खादीची, होडीसारखी असती, तर १९२० च्या सुमाराच्या मागे जाताच आलं नसतं.

समाजाबद्दल: पगडी म्हणजे आधीच घडवून शिवलेली, पागोटं म्हणजे लांब अरुंद कापड डोक्यावर प्रत्येक वेळी गुंडाळून बांधलेलं, आणि फेटा सैल, शेमला सोडलेला. टिळकांच्या आणि न्यायमूर्ती रानडे यांच्या फोटोंत पगडी दिसते, महात्मा फुल्यांच्या डोक्यावर पागोटं. तुमच्या गृहस्थांची पगडी पुढे कोका आलेली, पुणेरी घडणीची असेल तर घर देशावरच्या शहरी ब्राह्मण वळणाचं, हे सुनेच्या उघड्या डोक्याशी जुळतं. पण मुंबईचे पाठारे प्रभू आणि सारस्वतही पगडी घालत, फक्त घडण वेगळी. कोका स्पष्ट दिसत नसेल तर इथे थांबा. ग्वाल्हेरकडची होडीसारखी शिंदेशाही पगडी असेल तर मात्र प्रश्न जातीपेक्षा संस्थानाचा होतो.

दागिन्यांना मी सर्वात कमी वजन देतो. पैसा आला की कोणीही नथ घडवी, फोटोपुरता शेजारणीचा तन्मणी मागून आणला जाई, आणि स्टुडिओत कोटसुद्धा मिळत. एक अपवाद करीन. गळ्यात मधोमध पानडी आणि भोवती कोल्हापुरी साजाची माशांसारखी पानं असतील, तर दक्षिण महाराष्ट्राशी काही नातं आहे का, एवढं घरी विचारा.

आता घरातल्या वृद्धांना "या कोण?" असं न विचारता "यांचा नवरा कधी गेला?" असं विचारा. नावं विसरलेली असतात, मृत्यू लक्षात असतात. पुरुषाचं नाव आणि मूळ गाव मिळालं की नाशिकच्या किंवा त्र्यंबकेश्वरच्या तुमच्या कुळाच्या तीर्थोपाध्यायांकडची वही बघा. अस्थिविसर्जनाला किंवा श्राद्धाला आलेल्यांनी तिथे पिढ्यांची नावं लिहिलेली असतात, आणि आईला घेऊन आलेला मुलगा स्वतःच्या नावाखाली तिचंही लिहून जातो.