आमच्या भागात तीन-चार इंटरनेट कंपन्या आहेत. शेजाऱ्यांना विचारून आणि गर्दीच्या वेळी टेस्ट करून चांगली कोणती ते खरंच कळतं का?

कळतं. पण "तुमचं नेट कसं आहे हो?" असं विचारलंत तर काहीच कळणार नाही. ज्यांनी स्वतः कंपनी निवडलीय ते "छान आहे" म्हणणार, आणि ज्यांचं काल रात्री बंद पडलं होतं ते तुम्हाला अर्धा तास दारात उभं करून ऐकवणार. दोन्ही उत्तरं निरुपयोगी. माझं या प्रकरणात वर्षभर डोकं उठलं होतं, घरात भांडण झालं ते वेगळंच. त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे.

माझं नेट दिवसभर ठणठणीत असायचं आणि रात्री साडेआठ-नऊ झाले की मान टाकायचं. नेमक्या त्याच वेळी माझ्या कामाच्या मीटिंगा. समोरच्यांना मी तोंड अर्धवट उघडं ठेवून गोठलेला दिसायचो. आमच्याकडे अशी समजूत आहे की माझ्या मेहुण्याला कॉम्प्युटरमधलं सगळं कळतं. तो म्हणाला, "दाजी, शंभर एमबीपीएसच्या प्लॅनमध्ये आजकाल काय होतंय? तीनशेचा घ्या." घेतला. रात्री पुन्हा तेच, तोंड उघडं आणि गोठलेला.

कंपनीला फोन केला, तर त्यांनी तिथल्या तिथे स्पीड टेस्ट लावायला सांगितली. ती दाखवत होती ९३ एमबीपीएस. "सर, आमच्याकडून तर व्यवस्थित येतंय." मेहुण्यानेही त्याच टेस्टचा स्क्रीनशॉट घरच्या ग्रुपवर टाकून खाली लिहिलं, "प्रॉब्लेम लॅपटॉपचा आहे." मी गप्प बसलो, पण तो स्क्रीनशॉट जपून ठेवला.

त्या टेस्टमधली गोम अशी. टेस्टची साइट आपणहून सगळ्यात जवळचा सर्व्हर निवडते, आणि तो पुष्कळदा तुमच्याच कंपनीच्या जाळ्यात बसवलेला असतो. म्हणजे डेटा कंपनीच्या अंगणातच फिरून परत येतो. गर्दी पुष्कळदा होते ती अंगणाबाहेरच्या रस्त्यावर, जिथून कंपनीचं जाळं बाकीच्या इंटरनेटला जोडलेलं असतं. तो रस्ता कंपनीला विकत घ्यावा लागतो आणि काटकसर करायची तर तिथेच केली जाते. मी सर्व्हरच्या यादीत जाऊन दुसऱ्या शहरातला, दुसऱ्याच कंपनीचा सर्व्हर निवडला. सकाळी ९४ आले. रात्री साडेनऊला १४. लॅपटॉप तोच आणि केबलही तीच.

तेव्हा पहिला नियम: दूरचा, परक्या कंपनीचा एक सर्व्हर ठरवायचा आणि प्रत्येक घरी तोच वापरायचा. टेस्ट वायफायवर करायची नाही, लॅपटॉप राउटरला केबलने जोडून करायची. वायफायवर केलेली टेस्ट ही त्यांच्या भिंतींची आणि शेजारच्या दहा राउटरांची टेस्ट असते, कंपनीची नव्हे.

दुसरं म्हणजे नुसता स्पीड बघून भागत नाही. व्हिडिओ कॉलला फार स्पीड लागतच नाही. त्याला लागतो तो वेळेवर येणारा डेटा. त्यासाठी विंडोजच्या काळ्या खिडकीत, म्हणजे कमांड प्रॉम्प्टमध्ये, दोन ओळी पुरतात:

```
tracert -d 8.8.8.8
ping -n 300 8.8.8.8
```

दुसरी ओळ 8.8.8.8 या गूगलच्या सर्व्हरला सेकंदाला साधारण एक असे ३०० निरोप पाठवते, म्हणजे पाच मिनिटांचं काम. शेवटी किती निरोप हरवले आणि जाऊन यायला सरासरी किती मिलिसेकंद लागले ते छापून येतं. माझ्याकडे सकाळी सरासरी ९ मिलिसेकंद आणि हरवला एकही नाही. रात्री सरासरी १४० आणि ३०० पैकी १४ गायब. मी मीटिंगमध्ये गोठायचो ते या चौदांमुळे. तीनशेचा प्लॅन घ्या नाहीतर हजारचा, हे चौदा हरवायचे ते हरवणारच.

पहिली ओळ वाट दाखवते. यादीत पहिला पत्ता तुमच्या राउटरचा आणि दुसरा बहुतेक वेळा कंपनीच्या पहिल्या यंत्राचा. रात्री गर्दीच्या वेळी त्या दुसऱ्या पत्त्यालाही पिंग करून बघा. माझ्याकडे तो रात्रीसुद्धा ३ मिलिसेकंदांत उत्तर देत होता. म्हणजे खांबापासून घरापर्यंतची लाइन धडधाकट होती आणि कोंडी पुढे होती. याउलट राउटरपासून कंपनीच्या यंत्रापर्यंतचा हा पहिला टप्पाच शंभर मिलिसेकंदांवर जात असेल, तर दोष तुमच्या गल्लीतल्या पेटीत किंवा घरात आलेल्या लाइनमध्ये असण्याचा संभव जास्त. मग कंपनी बदलण्याआधी लाइनमनला बोलवा. (मधल्या टप्प्यांवर चांदण्या दिसल्या तर घाबरू नका. पुष्कळ यंत्रं पिंगला मुद्दाम उत्तर देत नाहीत. शेवटचा पत्ता नीट येत असेल तर त्या चांदण्यांना अर्थ नाही.)

आता शेजारी. मी तीन घरी गेलो, ओळीने तीन रात्री, नऊ ते दहाच्या दरम्यान, लॅपटॉप आणि केबल काखोटीला मारून. बायको म्हणाली, लोक तुम्हाला मीटर रीडिंगवाला समजतील. खालच्या मजल्यावरच्या काकांकडे दुसरी कंपनी होती, प्लॅन शंभरचा. त्यांना म्हटलं, काका, पाच मिनिटं टीव्ही बंद करता का, टीव्हीही नेटवरच चालतो ना तुमचा? मॅच चालू होती. काकांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की पुन्हा विचारायची छाती झाली नाही. मॅच चालू असताना ६१ आले, पिंग सरासरी २२ आणि हरवलेला एकही नाही. मॅच बंद असती तर आकडा वरच गेला असता, तेव्हा हा आकडा कमीत कमी समजायचा.

समोरच्या बिल्डिंगमधल्या वहिनींकडे तिसरी कंपनी. तिथे तर रात्रीसुद्धा ८८. मी मनातल्या मनात कंपनी बदलूनही टाकली होती. निघता निघता विचारलं, "शेवटचं बंद कधी पडलं होतं?" वहिनी म्हणाल्या, "गेल्या महिन्यात. तीन दिवस. त्याच्या आधी पावसात दोन दिवस." टेस्ट जे कधीच सांगू शकणार नाही ते शेजारी सांगतो, ते हेच. म्हणून शेजाऱ्याला मत विचारायचं नाही, घटना विचारायची. शेवटचं कधी गेलं, किती वेळ गेलं, फोन उचलला का, माणूस किती तासांनी आला. "कसं आहे" विचारलं असतं तर त्याच वहिनी "फार फास्ट आहे" म्हणाल्या असत्या, आणि ते खोटंही नव्हतं.

वरच्या मजल्यावर चौथी कंपनी, नाव वेगळं, बिल वेगळं, माणूसही वेगळा. तिथे रात्री १७ आले. ट्रेसमध्ये तिसरा आणि चौथा पत्ता बघितला तर माझ्याच यादीतले. म्हणजे दोघांचा बाहेरचा रस्ता एकच होता, पाट्या फक्त दोन. मी त्या चौथीकडे जायच्या बेतात होतो! म्हणून प्रत्येक घरच्या ट्रेसचा फोटो काढून ठेवा आणि घरी येऊन शेजारी शेजारी ठेवून बघा.

मी काकांची कंपनी घेतली. आकड्याने ती दुसरी होती, पण काकांना शेवटचं कधी बंद पडलं होतं ते आठवेना, आणि काकांची स्मरणशक्ती बाकी बाबतींत तल्लख आहे. पहिल्या रात्री साडेनऊला माझ्याकडे ७० च्या आसपास आले. मीटिंगमध्ये पहिल्यांदाच कोणी मला "ऐकू येतंय का?" असं विचारलं नाही.

आता मेहुण्याचा हिशेब. सकाळीसुद्धा ९४ च का येतात, तीनशेचा प्लॅन होता ना? याचं उत्तर मला नवीन कंपनीच्या माणसाने दिलं, जुन्या राउटरकडे नुसतं बघून. त्याचं पोर्ट शंभरचं होतं. शंभरच्या पोर्टमधून टेस्टला साधारण ९४-९५ च्या वर दिसतच नाही, काही झालं तरी. म्हणजे तीनशेचा प्लॅन माझ्या घरात कधी शिरलाच नव्हता आणि बिल मात्र दर महिन्याला शिरत होतं. प्लॅन शंभराच्या वरचा असूनही आकडा ९३ ते ९५ वर येऊन खिळला की समजायचं, कंपनी नव्हे, पोर्ट किंवा केबल अडवतंय. केबलच्या आठ तारांपैकी चारच जोडलेल्या असल्या तरी हेच होतं. हे मी ग्रुपवर त्या जुन्या स्क्रीनशॉटसकट टाकलं. मेहुण्याचं उत्तर आलं, "मी प्लॅन सांगितला होता, राउटर बघणं तुमचं काम."

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या त्या आता सांगतो. तीन रात्री म्हणजे फार नव्हेत. प्रत्येक घरी एकच रात्र जाऊन मी नशिबाने वाचलो. जमलं तर एकाच घरी दोन-तीन वेळा करा, त्यातली एक रात्र सुट्टीच्या आदल्या दिवसाची. शेजारी जवळचाच हवा. पलीकडच्या गल्लीतल्या माणसाची पेटी वेगळी असू शकते, आणि मग त्याचा पहिला टप्पा तुमच्या कामाचा नाही. आणि आज मोकळा असलेला रस्ता कंपनीने ग्राहक वाढवले की भरतो, म्हणून वर्षभराचे पैसे एकदम भरू नका. मी भरले होते, जुन्या कंपनीला. कोणाच्या सांगण्यावरून ते वेगळं सांगायला नको.

मेहुणा आता नव्या घरी राहायला गेलाय. जाण्याआधी मला म्हणाला, "दाजी, तिथं दोन कंपन्या आहेत, काय करू?" म्हटलं, रात्री साडेनऊला लॅपटॉप घेऊन खालच्या मजल्यावर जा. "त्यांना काय वाटेल," म्हणाला, आणि पाचशेचा प्लॅन घेऊन मोकळा झाला. माझी बायको रोज रात्री त्याला व्हिडिओ कॉल करते. काल मी मागून डोकावलो तर तो तोंड अर्धवट उघडं ठेवून गोठलेला होता. मी काही बोललो नाही.