परदेशात जाणाऱ्या भावाला कुकर कोणता सांगावा?

«माझा मावसभाऊ बायकोबरोबर जर्मनीला चाललाय. इथून कुकर न्यायचाय. हॉकिन्स की प्रेस्टिज? किती लिटरचा? झाकण आतलं की बाहेरचं? त्याला काय लिहू?»

माझी मामेबहीण तिकडेच गेली तेव्हा तिला मी पाठवलेला मेसेज खाली देतो. घरात दोघंच, रोज वरण-भात, आणि भाड्याच्या घरात गॅस नाही. तुमच्या भावाचं गणितही असंच दिसतंय.

अगं, कंपनीचं नाव नंतर बघ, आधी झाकण ठरव. हॉकिन्स म्हणजे बहुधा आतल्या झाकणाचा कुकर. त्याचं झाकण तिरकं करून आत सरकवतात, त्यासाठी तोंड लंबगोल आणि आतल्या पोटापेक्षा लहान असतं. आतली वाफच झाकण वर दाबून धरते, त्यामुळे वाफ जिरल्याशिवाय ते सुटत नाही. कुकर उत्तमच, पण तू डबे लावून वरण आणि भात एकाच वेळी शिजवणार. त्या तोंडातून जाईल एवढाच डबा आत जातो, म्हणजे पोटात जागा असूनही डबे अरुंद घ्यावे लागतात. बाहेरच्या झाकणाच्या कुकरचं तोंड पूर्ण गोल आणि सरळ असतं, घरातले नेहमीचे रुंद डबे सहज खाली-वर होतात. म्हणून तुझ्यासाठी प्रेस्टिजचा स्टीलचा डिलक्स अल्फा. प्रेस्टिजकडे आतल्या झाकणाचेही कुकर असतात, तेव्हा खोक्यावर Outer Lid लिहिलंय ना ते वाच.

साधं ॲल्युमिनियम घेऊ नकोस. तिकडे बहुतेक घरांत काचेच्या पृष्ठभागाची शेगडी असते आणि ती इंडक्शनची निघाली तर ॲल्युमिनियम तापतच नाही. दुकानात जाताना फ्रीजवरचं एक चुंबक खिशात टाक. कुकरच्या तळाला ते घट्ट चिकटलं पाहिजे. बाजूला चिकटलं नाही तरी चालेल.

आता लिटर. दोघांना 3 लिटर पुरतो असं सगळे सांगतील, आणि डाळ थेट कुकरात शिजवणार असलीस तर खरंही आहे. डाळ फसफसते, म्हणून कुकर निम्म्यापेक्षा जास्त भरायचा नसतो. 3 लिटरचा तिथे दीडच लिटर होतो, तरी दोघांना तेवढा पुरतो. पण दोन डबे एकावर एक ठेवले की वरचा झाकणाला टेकायला लागतो. तो शिट्टीच्या नळीच्या तोंडाशी गेला तर वाफेची वाट अडते, हे धोक्याचं आहे. म्हणून 5 लिटर घे. दुकानातच आपले दोन्ही डबे आत ठेवून झाकण लावून बघ, वर बोटभर तरी जागा राहायला हवी.

कुकर असा लाव. तळाला दीड-दोन वाट्या पाणी आणि जाळी. खालच्या डब्यात अर्धी वाटी तूरडाळ, दीड वाटी पाणी, हळद, हिंग. वरच्यात एक वाटी तांदूळ, दोन वाट्या पाणी. पहिली जोरदार शिट्टी झाली की आच कमी कर आणि दहा-बारा मिनिटं ठेव. शिट्ट्या मोजत बसू नकोस, प्रत्येक शेगडीवर त्यांचा वेग वेगळा असतो. शेगडी इंडक्शनची नसून आतल्या तारेची असेल तर बंद केल्यावरही काच बराच वेळ तापलेली राहते, तेव्हा कुकर उचलून बाजूला ठेव. मग वाफ आपोआप जिरू दे. घाईने शिट्टी उचललीस तर वरचं पाणी उकळून वर येतं आणि भात चिकट होतो.

खूप वेळ शिट्टी झाली नाही आणि झाकणाच्या कडेने वाफ फुसफुसत असली तर रिंग सैल झालीय किंवा कडक पडलीय असं समज. तसंच तापवत राहिलीस तर तळाचं पाणी आटून जळका वास येईल. तिकडे नेमक्या मापाची रिंग मिळवणं कटकटीचं, म्हणून इथूनच दोन रिंगा आणि दोन सेफ्टी व्हॉल्व्ह घे, त्याच मॉडेलचे. पुस्तिकेत त्यांचे क्रमांक असतात, त्या पानाचा फोटो काढून ठेव. कुकरवर आयएसआयची खूणही बघून घे.

नेताना चेक-इनच्या बॅगेत टाक, हातातल्या बॅगेत नेलास तर सुरक्षा तपासणीत उघडून बघतात. शिट्टी काढून कापडात गुंडाळ, रिंग झाकणातून सोडवून सपाट ठेव. कुकर अडीच-तीन किलोचा भरेल, पण आतली जागा रिकामी सोडू नकोस, डबे आणि त्यांच्यात मसाल्याच्या पुड्या मावतात.

तुमचा भाऊ डबे लावत नसेल, थेट कुकरात उसळी आणि आमटी करत असेल, तर मात्र त्याला स्टीलचा, इंडक्शनवर चालणारा 3 लिटरचा हॉकिन्स सांगा.