‘ए२ विंडो’ म्हणजे नेमकं काय?

प्रश्न: “नागपुरात गरोदरपणाच्या तपासणीत आमच्या वहिनींचा रिपोर्ट आला. त्या मूळच्या गुवाहाटीच्या. ‘ए२ विंडोमध्ये २८.४ टक्के’ असं छापलंय आणि खाली ‘हिमोग्लोबिन ई?’ असं प्रश्नचिन्ह. ही विंडो म्हणजे काय? ए२ एवढं वाढलं म्हणजे थॅलेसेमियाच ना?”

विंडो म्हणजे वेळेचा ठरवून दिलेला पट्टा. ए२ हा सगळ्यांच्याच रक्तात थोडासा असणारा हिमोग्लोबिनचा एक प्रकार. हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणाऱ्या एचपीएलसी यंत्रात रक्ताचा नमुना ऋण प्रभाराच्या कणांनी भरलेल्या नळीतून जातो. हिमोग्लोबिन त्या कणांना चिकटतं आणि मग द्रावणातले क्षार वाढवत नेले की एकेक प्रकार सुटून बाहेर येतो. कोण किती मिनिटांनी बाहेर आलं, एवढंच यंत्राला कळतं. प्रयोगशाळांत रुळलेल्या एका यंत्रावर ३.३० ते ३.९० मिनिटांच्या पट्ट्याला ए२, ४.३० ते ४.७० ला एस आणि ४.९० ते ५.३० ला सी अशी नावं आहेत. म्हणून ‘ए२ विंडोमध्ये २८.४’ याचा अर्थ ‘ए२ च्या वेळेत बाहेर आलेलं सगळं मिळून २८.४’ असा होतो. ‘ए२ इतकं आहे’ असं त्यात म्हटलेलं नाही. मराठीत मी ‘ए२ च्या पट्ट्यात’ असंच म्हणेन.

आकडाच पुष्कळ सांगतो. बीटा थॅलेसेमियाच्या वाहकात ए२ सहसा ४ ते ७ टक्के असतं. १० च्या वर गेलं की त्या पट्ट्यात दुसरं कोणीतरी शिरलेलं आहे, असं धरून चालायचं. ८ ते १५ टक्क्यांच्या आसपास असेल तर हिमोग्लोबिन लेपोर या दुसऱ्या एका बदललेल्या प्रकाराचा विचार करतात. २५ ते ३० टक्के आणि माहेर ईशान्य भारतातलं, म्हणजे हिमोग्लोबिन ई चा वाहक असण्याची शक्यता सगळ्यांत जास्त. वहिनींच्या २८.४ मध्ये खरं ए२ तीन-साडेतीनच असेल, उरलेलं २५ च्या आसपास ई. एक जनुक बदललेलं असूनही ई निम्म्यापर्यंत जात नाही, कारण त्या बदलामुळे जनुकाचा संदेश काही वेळा चुकीच्या जागी कापला जातो आणि हिमोग्लोबिनची ती बीटा साखळी कमी बनते. त्यामुळे तांबड्या पेशीही थोड्या लहान दिसतात आणि लोहाच्या कमतरतेचा संशय येतो. लोह खरोखरच कमी असेल, तर ई चं प्रमाण आणखी खाली येतं.

‘ई’ हे अक्षर कुठल्याही शब्दाचं आद्याक्षर नाही. नवे प्रकार सापडत गेले तशी सी, डी, ई अशी अक्षरं दिली गेली. सी आणि ई मध्ये बदल मात्र एकाच जातीचा आहे. बीटा साखळीत ग्लुटामिक आम्लाच्या जागी लायसिन आलं. सी मध्ये ते सहाव्या जागी, ई मध्ये सव्विसाव्या. ऋण प्रभार गेला आणि धन आला, म्हणजे प्रत्येक बीटा साखळीमागे दोन एककांचा फरक पडला. सिकलसेलच्या एस मध्ये सहाव्याच जागी व्हॅलिन येतं. त्याला प्रभार नाही, म्हणून फरक एकाच एककाचा.

साध्या इलेक्ट्रोफोरेसिसमध्ये विजेच्या प्रवाहाने हे प्रकार प्रभारानुसार सरकवून वेगळे करतात. तिथे ८.५ च्या आसपासच्या पीएचला हे डोळ्यांनी दिसतं. ए, म्हणजे नेहमीच्या हिमोग्लोबिनचा पट्टा धन टोकाकडे सर्वांत पुढे धावतो, एस त्याच्या मागे राहतो आणि सी, ई, ए२ हे तिघं सगळ्यांत मागे, एकमेकांवर चढलेले. विदर्भात सिकलसेलमुळे एस चा पट्टा सर्वांच्या ओळखीचा आहे, पण या मागच्या पट्ट्याला घाईने नाव देऊ नये. तोच नमुना सायट्रेट अगार या जेलवर ६ च्या आसपासच्या पीएचला चालवला, तर सी वेगळा पडतो आणि ई थेट ए सोबत जातो. तिथे नुसत्या प्रभाराचं चालत नाही. अगारशी रेणूचा कोणता भाग गुंततो, यावर जागा ठरते. एचपीएलसीतही सी आणि ई सहज सुटे होतात, पण ई आणि ए२ होत नाहीत. ते दोघं वेगळे पाहायचे असतील तर कॅपिलरी इलेक्ट्रोफोरेसिस लागतं.

तेव्हा रिपोर्टावरचं ते प्रश्नचिन्ह योग्य आहे. एका पद्धतीवर नाव पक्कं करता येत नाही, दुसऱ्या पद्धतीने किंवा जनुक तपासून ते पक्कं होतं. अलीकडे रक्त चढवलं असेल, तर टक्केवारीवर विसंबू नका.

ई चे वाहक निरोगीच असतात. वहिनींसाठी आत्ता महत्त्वाचा आहे तो तुमच्या भावाचा रिपोर्ट. भाऊ बीटा थॅलेसेमियाचा वाहक निघाला, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला दोन्ही दोष मिळण्याची शक्यता चारात एक असते, आणि ई-बीटा थॅलेसेमिया कधी सौम्य, तर कधी सारखं रक्त चढवावं लागेल इतका तीव्र असतो. भावात एस निघाला, तर एस-ई हा जोड बहुधा सौम्य राहतो. भावाचं सीबीसी आणि एचपीएलसी याच आठवड्यात करून घ्या, आणि दोन्ही रिपोर्ट एकत्रच डॉक्टरांपुढे ठेवा.