टीमचं पोस्टर करणार असशील तर

अकरा जणांचे वेगवेगळे फोटो जोडायचे असतील, तर सगळ्यांना एकाच संध्याकाळी नेट्सनंतर क्लबच्या खोलीत बोलाव. ट्रायपॉड छातीच्या उंचीवर लाव आणि मग अजिबात हलवू नकोस. खेळाडूच्या आणि लाइट स्टँडच्या पायाशी चिकटपट्टीची खूण कर. एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स मॅन्युअल ठेव; ऑटोवर प्रत्येक फोटोत जर्सीचा रंग थोडा बदलतो.

खरा घोळ टोपीचा असतो. लाइट फार उंच असला की तिची सावली थेट डोळ्यांवर पडते, आणि ती नंतर नीट काढता येत नाही. लाइट थोडा खाली घे आणि कमरेजवळ पांढरा थर्माकोल धरायला लाव.

एखादा हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये अडकणारच. मांडणीची मापं लिहून ठेव आणि त्याच्यासाठी तीच पुन्हा लाव, मैदानात उन्हात फोटो काढू नकोस. जोडताना नाकाची सावली बघ. ती इतरांच्या विरुद्ध बाजूला पडली, तर फोटो आरशातल्यासारखा डावा-उजवा पलटवायचा मोह होईल. पण मग जर्सीवरचा नंबर उलटा होतो आणि उजव्या हाताचा फलंदाज डावखुरा!