कॅथेटर बंडलचा प्रस्ताव लिहिताना: आधी कॅथेटरचे दिवस मोजा

प्रश्न: आमच्या १२ बेडच्या मेडिकल आयसीयूत मी इन्चार्ज सिस्टर आहे. कॅथेटरमुळे होणारं लघवीचं इन्फेक्शन केअर बंडल वापरून कमी करायचा क्वालिटी प्रोजेक्ट लिहून द्या, असं मेट्रन मॅडमनी सांगितलंय. बंडल नेटवर मिळालं. पण प्रस्तावात नेमकं लिहू काय?

उत्तर:

सिस्टर, मी बरीच वर्षं इन्फेक्शन कंट्रोल नर्स म्हणून काम करते. माझा असा पहिला प्रस्ताव फसला होता, तिथूनच सांगते. हात धुणं, निर्जंतुक पद्धतीनं कॅथेटर घालणं, युरोबॅग खाली लटकवणं असं सगळं मी त्यात लिहिलं होतं. दोन ट्रेनिंग घेतली, भिंतीवर पोस्टर लावली. तीन महिन्यांनी आकडे जिथल्या तिथे. मग इन्फेक्शन झालेल्या पेशंटच्या फायली पुन्हा काढून बसले, तेव्हा दिसलं की त्यातल्या बहुतेकांना त्या दिवशी कॅथेटरची गरजच उरली नव्हती. पहिल्या दिवशी शॉकमध्ये होते म्हणून घातला, चौथ्या दिवशी पेशंट बसून चहा पीत होता, आणि कॅथेटर तसाच.

कॅथेटर आत असताना दर दिवशी साधारण ३ ते ७ टक्के पेशंटच्या लघवीत नव्यानं जंतू येतात. जंतू नळीच्या आतून-बाहेरून चिकट थर धरतात आणि वर चढत जातात. स्वच्छतेनं हे लांबतं, पण थांबत नाही. म्हणून बंडलमधल्या पाच गोष्टींपैकी ‘आज हा कॅथेटर कशासाठी आहे?’ हा रोजचा प्रश्न सगळ्यात वर ठेवा. संजय सेंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत केलेला एक अभ्यास २००० साली आला होता. पेशंटला कॅथेटर आहे हेच त्याच्या डॉक्टरला माहीत नाही, असं त्यात २८ टक्के वेळा आढळलं. चादरीखाली असलेली वस्तू राउंडमध्ये कुणाच्या नजरेला पडत नाही. ती दिसते सिस्टरला, म्हणून काढण्याची सुरुवातही सिस्टरकडून व्हायला हवी.

त्यासाठी प्रस्तावाला एक पान जोडा: कुठल्या कारणांसाठी कॅथेटर ठेवायचा, आणि त्यातलं एकही कारण नसेल तर सिस्टरनं डॉक्टरला वेगळं न विचारता तो काढायचा. या पानावर सगळ्या कन्सल्टंटच्या आधीच सह्या घ्या. लघवी अडकलेली असणं, अत्यवस्थ पेशंटची तासातासाची लघवी मोजणं, काही ठरावीक ऑपरेशनं, मणक्याच्या किंवा कमरेच्या फ्रॅक्चरमुळे हलवता न येणं, लघवी आवरत नसलेल्या पेशंटला माकडहाडाजवळ उघडी जखम असणं, आणि शेवटच्या दिवसांतला आराम, एवढी कारणं पुरेत. नुसती लघवी कपड्यात होते, पेशंट जाड आहे, किंवा रात्री माणसं कमी आहेत, ही कारणं बसत नाहीत. खरी भांडणं या शेवटच्या तीनवरच होतात. ती प्रस्ताव लिहितानाच होऊ द्या, नंतर वॉर्डात नको.

कॅथेटर काढल्यावर काय करायचं तेही लिहा, नाहीतर चार दिवसांत सगळे पुन्हा घातले जातील. काढल्यापासून चार ते सहा तासांत लघवी झाली का ते बघायचं. झाली नसेल तर ब्लॅडर स्कॅनरनं, आणि तो नसेल तर आयसीयूतल्याच सोनोग्राफी मशीननं, मूत्राशयात किती साठलंय ते रेसिडेंटनं मोजायचं. फार साठलं असेल तर एकदाच नळी घालून रिकामं करायचं आणि नळी काढून घ्यायची. लगेच फोली घालायचा नाही. मोजमाप हवंच असेल तर पुरुषांना कंडोम कॅथेटर आणि बाकीच्यांना डायपर वजन करून चालतं, एक ग्रॅम म्हणजे जवळपास एक मिली. हा डायपरचा खर्च नातेवाइकांच्या बिलावर जाणार की हॉस्पिटलच्या, आणि जास्तीचं काम कुठल्या मावशींवर येणार, हे स्पष्ट लिहा. माझ्या पाहण्यात हे काम सगळ्यात जास्त याच दोन प्रश्नांवर अडलंय.

बंडलच्या उरलेल्या चार गोष्टी तुम्हाला माहीत आहेत: निर्जंतुक पद्धतीनं आणि शक्य तेवढ्या बारीक नळीनं घालणं, नळी मांडीला चिकटवून पक्की करणं, बंद ड्रेनेज न सोडणं आणि बॅग मूत्राशयाच्या खाली पण जमिनीला न टेकता ठेवणं, रोज साबण-पाण्यानं स्वच्छता. दोन जागी मात्र लक्ष ठेवा. एक, लिग्नोकेन जेलीची ट्यूब. एकच ट्यूब पाच पेशंटना वापरलेली मी पाहिली आहे, तेव्हा कॅथेटरच्या ट्रेमध्ये प्रत्येक पेशंटची वेगळी ट्यूब ठेवा. दुसरं, सीटी स्कॅनला नेताना वॉर्डबॉय बॅग उचलून पेशंटच्या पोटावर ठेवतो आणि जुनी लघवी मागे वाहते. पेशंट हलवण्याआधी बॅग रिकामी करायची आणि स्ट्रेचरच्या कडेला खाली लटकवायची, हे वॉर्डबॉयच्या ट्रेनिंगमध्ये घाला. फक्त सिस्टरना शिकवून उपयोग नाही.

आता मोजमाप. इथे तुमचा प्रस्ताव इतरांपेक्षा वेगळा ठरू शकतो. इन्फेक्शन कशाला म्हणायचं ते आधी ठरवा. अमेरिकेच्या सीडीसीची व्याख्या सगळीकडे चालते: कॅथेटर तिसऱ्या दिवसात किंवा त्यापुढे असावा (घातलेला दिवस पहिला), १००.४ फॅरनहाइटच्या वर ताप, ओटीपोट दाबल्यावर दुखणं यांसारखं एक तरी लक्षण असावं, आणि कल्चरमध्ये एक लाख किंवा जास्त कॉलनी असलेला जीवाणू असावा, पण दोनपेक्षा जास्त प्रकारचे जंतू नसावेत. कॅथेटर काल काढला असेल तरी धरायचं. नुसती कॅन्डिडा आली तर धरायची नाही. पस सेल्स आल्या किंवा लघवी गढूळ दिसली म्हणून इन्फेक्शन मोजू नका.

दर म्हणजे इन्फेक्शनची संख्या भागिले कॅथेटरचे दिवस, गुणिले १०००. रोज एका ठरावीक वेळी, समजा सकाळी आठला, किती पेशंटना कॅथेटर आहे ते मोजायचं. त्यांची बेरीज म्हणजे कॅथेटर-दिवस. पण हा एकच आकडा फसवतो, कसा ते पाहा. समजा तुमच्याकडे तीन महिन्यांत ९०० पेशंट-दिवस झाले, त्यातले ७२० कॅथेटर-दिवस, इन्फेक्शन ५. दर ६.९. बंडल सुरू केलंत, नको असलेले कॅथेटर निघाले, पुढच्या तीन महिन्यांत पेशंट-दिवस तेवढेच, कॅथेटर-दिवस ४८० आणि इन्फेक्शन ४. दर आला ८.३. मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणणार की तुमचं बंडल उलटं पडलं. वास्तविक एक पेशंट वाचलाय. पण छेद कमी झाला, आणि मागे उरले ते जास्त आजारी पेशंट, म्हणून दर चढला. यासाठी शेजारी आणखी दोन आकडे लिहा. कॅथेटर वापराचं प्रमाण (कॅथेटर-दिवस भागिले पेशंट-दिवस) ०.८० वरून ०.५३ वर आलं. आणि १० हजार पेशंट-दिवसांमागे इन्फेक्शन ५५.६ वरून ४४.४ वर. प्रस्ताव मंजूर करून घेतानाच हे उदाहरण मॅनेजमेंटला दाखवून ठेवा. आकडा चढल्यावर समजावलं तर सबब वाटते.

दुसरी अडचण छोट्या आकड्यांची. महिन्याला २४० कॅथेटर-दिवस असतील तर एक इन्फेक्शन म्हणजे ४.२ आणि दोन म्हणजे ८.३. म्हणजे एका पेशंटनं दर दुप्पट. महिन्यागणिक दर काढत बसू नका. आलेखावर ‘मागच्या इन्फेक्शननंतर किती दिवस गेले’ हे मांडा, आणि दर तिमाहीचाच काढा. बदलाआधीचे निदान तीन महिने, जमलं तर सहा, बेसलाइन म्हणून घ्या.

बंडल पाळलं का हे मोजताना पाचही गोष्टी झालेल्या पेशंटचीच संख्या धरा. १० पेशंट बघितले, ५० गोष्टींपैकी ४४ झाल्या, तर सरासरी ८८ टक्के येते आणि छान वाटतं. पण त्या सहा चुका पाच पेशंटमध्ये विखुरलेल्या असतील तर पूर्ण बंडल ५० टक्केच. आणि फॉर्मवर विसंबू नका. माझ्या पहिल्या फॉर्मला १४ चौकोन होते आणि तिन्ही शिफ्टचे टिक एकाच पेनानं, एकाच तिरक्या हातानं केलेले सापडले. त्या सिस्टरना मी दोष देत नाही, चार पेशंट सांभाळून १४ चौकोन कोण भरणार? नंतर नर्सिंग चार्टमध्येच एक ओळ ठेवली: ‘कॅथेटरचा कितवा दिवस, कारण काय.’ कारणाची जागा रिकामी दिसली की राउंडमध्ये तोच प्रश्न निघू लागला. फॉर्मसोबत आठवड्यातून एकदा, न सांगता, स्वतः पाच पेशंट बघा.

ही ओळसुद्धा एकदम १२ बेडवर लावू नका. एका शिफ्टला, एका सिस्टरबरोबर, तीन पेशंटवर करून बघा, काय अडलं ते लिहा, सुधारा, मग सहावर न्या. प्रस्तावात पीडीएसएची चक्रं म्हणून हेच लिहायचं असतं.

उद्दिष्ट ठरवताना एक गोष्ट प्रामाणिकपणे धरा. अमेरिकेतल्या ६०३ हॉस्पिटलांत हाच कार्यक्रम राबवला, त्याचे निकाल २०१६ साली आले. साध्या वॉर्डांत दर २.२८ वरून १.५४ वर आला, आयसीयूत मात्र म्हणण्यासारखा फरक पडला नाही. आयसीयूत तासाची लघवी मोजणं हे कायमचं कारण असतं, आणि ताप आला की लघवीचं कल्चर जातंच. म्हणून ‘इन्फेक्शन निम्म्यावर आणू’ असं लिहू नका. ‘सहा महिन्यांत कॅथेटर वापर ०.८० वरून ०.६० वर’ असं लिहा, ते तुमच्या हातात आहे. शिवाय आयसीयूतून वॉर्डात जाताना कॅथेटर पेशंटबरोबर जातो आणि तिथे आठवडाभर राहतो. ट्रान्सफर फॉर्मवर ‘कॅथेटर काढला / कारणासह ठेवला’ ही ओळ घातलीत तर तुमच्या कामाचा फायदा वॉर्डालाही मिळेल.

तोट्याच्या बाजूचंही मोजा: काढल्यापासून ४८ तासांत किती कॅथेटर पुन्हा घालावे लागले, आणि ओलाव्यानं कातडी किती जणांची सोलली. पुन्हा घालणं वाढलं तर कारणांचं पान तपासा. कातडी सोलली तर डायपर बदलण्याच्या वेळा.

बजेटमध्ये सॅम्पलिंग पोर्ट असलेल्या युरोबॅगचा फरक जरूर मागा. पोर्ट नसला की रात्री कुणीतरी बॅगेतूनच सॅम्पल घेतं, बॅगेत वाढलेले जंतू रिपोर्टमध्ये येतात, पेशंटला नको ती अँटिबायोटिक सुरू होते आणि तुमच्या यादीत एक खोटं इन्फेक्शन जमा होतं. पोर्ट पुसून सिरिंजनं घ्यायचं, आणि कॅथेटर दोन आठवड्यांपेक्षा जुना असून अजून लागणारच असेल तर आधी बदलून नव्यातून घ्यायचं. बेसलाइन गोळा करण्याआधीच हे सुरू करा, नाहीतर आधीचे आणि नंतरचे आकडे एकमेकांशी तुलना करण्याजोगे राहणार नाहीत.