रात्री दोन वाजताचे टेबल

‘वडील निवृत्त आहेत आणि घरी एकटेच असतात. रात्री उशिरापर्यंत ते मोबाईलवर कॅसिनोचे खेळ खेळतात आणि त्यात पेन्शनचे पैसे जातात, हे मला नुकतेच कळले. विचारले तर म्हणतात, मी जिंकतोसुद्धा. त्यांचा फोन काढून घ्यावा का?’

एका मुलाने नेमके तेच केले होते आणि त्यानंतर महिन्याभराने तो वडिलांना घेऊन माझ्याकडे आला, कारण वडिलांनी त्याच्या नकळत दुसरा फोन घेतला होता. ओळख पटू नये इतके तपशील बदलून त्या गृहस्थांची हकीकत येथे सांगतो.

त्यांची नोकरी जवळजवळ तीस वर्षे रात्रपाळीची होती. निवृत्त झाले तरी रात्री दोनला डोळे उघडायचे ते उघडतच राहिले. फरक इतकाच की पाळीवर त्या वेळी चार माणसे बरोबर असत आणि आता घरात कोणी नव्हते. पत्नी गेल्यावर पहिले काही महिने ते छताकडे पाहत पडून राहिले. मग फोनवर फुकट नाण्यांचा एक खेळ सापडला, त्यातल्या जाहिरातीतून खऱ्या पैशांचा खेळ सापडला आणि शेवटी ते ‘लाइव्ह’ रूलेटच्या, म्हणजे फिरत्या चाकाच्या कोणत्या घरात चेंडू थांबतो यावर पैसे लावण्याच्या, टेबलावर स्थिरावले. तेथे चाक फिरवणारी खरी व्यक्ती पडद्यावर दिसते आणि खेळणाऱ्याने काही लिहून पाठवले तर त्याला उत्तरही देते. दुसऱ्या भेटीत ते खाली मान घालून म्हणाले, “ती बाई माझं नाव घेऊन ‘आलात का?’ म्हणायची. त्या वेळी मला हाक मारणारं दुसरं होतं कोण?”

हे वाक्य ऐकल्यावर मी पैशांचा विषय त्या दिवसापुरता बाजूला ठेवला. मुलगा फोनशी भांडत होता आणि वडिलांना हवी होती ती हाक, त्यामुळे दोघांचे बोलणे एकमेकांपर्यंत पोहोचतच नव्हते.

तरीही पहिल्याच भेटीत काही प्रश्न मी टाळत नाही. पूर्वीइतकीच मजा यावी म्हणून रक्कम वाढवत न्यावी लागते का, आणि किती खेळता याविषयी जवळच्या माणसांशी खोटे बोलावे लागले का, हे दोन प्रश्न मी विचारले. दोन्हींचे उत्तर ‘हो’ आले. जगणे नकोसे वाटते का, हेही स्पष्ट शब्दांत विचारले, कारण पैसे हरलेला आणि ते लपवणारा एकटा माणूस हा विचार स्वतःहून बोलून दाखवत नाही. त्यांनी नाही म्हटले. हो म्हटले असते तर त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवले असते. गोळ्यांची यादीही मागून घेतली. कंपवातावर दिल्या जाणाऱ्या काही औषधांमुळे जुगाराची अनावर ओढ निर्माण होऊ शकते आणि वयस्क माणसाच्या बाबतीत हे तपासणे अनेकदा राहून जाते. यांच्या यादीत तसे काही नव्हते. असते, तरी गोळी मनानेच बंद करायची नसते; औषध देणाऱ्या डॉक्टरांना सांगायचे असते.

तिसऱ्या भेटीत ‘मी जिंकतोसुद्धा’ या वाक्याकडे वळलो. ते खोटे बोलत नव्हते. लाल रंगावर १ लावायचा, हरलो तर २, मग ४, मग ८, अशी रक्कम दुप्पट करत जायची आणि जिंकलो की पुन्हा १ पासून सुरुवात करायची, ही त्यांची रीत होती. १ पासून सुरू होऊन पुन्हा १ वर येईपर्यंतच्या फेऱ्या मिळून एक डाव धरू. या रीतीत प्रत्येक जिंकलेल्या डावामागे हाती फक्त १ उरतो, पण डाव बहुतेक वेळा जिंकला जातो. एकच शून्य असलेल्या चाकावर ३७ घरे असतात आणि त्यांपैकी १८ लाल असतात, म्हणजे प्रत्येक फेरीत हरण्याची शक्यता निम्म्याहून थोडी जास्त असते. सात फेऱ्यांपर्यंतच दुप्पट करत गेले असे धरले, तर सातही फेऱ्या सलग हरण्याची वेळ साधारण १०६ डावांत एकदा येते आणि त्या एका डावात १ ते ६४ मिळून १२७ जातात. मिनिटाला एक फेरी धरली तर चार तासांत २४० फेऱ्या, म्हणजे सुमारे ११८ डाव होतात. सरासरीने पाहिले तर ते रात्रीतून शंभराहून अधिक वेळा जिंकत होते आणि जवळपास एकदा सगळे हरत होते. जिंकण्याच्या आठवणी शंभर आणि हरण्याची एक. मग माणसाला आपण जिंकतो असेच वाटणार.

हे मी सांगून पटले नसते. त्यांना बँकेचे गेल्या महिन्याचे विवरण आणायला सांगितले आणि हाती पेन्सिल दिली. खेळाकडे गेलेल्या रकमेला उभी रेघ, परत आलेल्या रकमेला गोल. पान संपले तेव्हा रेघा ४१ होत्या आणि गोल दोन. ते बराच वेळ त्या पानाकडे पाहत राहिले आणि मग पेन्सिल माझ्याकडे परत देताना म्हणाले, “ही रीत मला माझीच वाटत होती.” ती फार जुनी आहे आणि टेबलावर लावायच्या रकमेची कमाल मर्यादा असल्यामुळे दुप्पट करण्याचा रस्ता एका टप्प्यावर आपोआप बंद होतो, हे मी तेव्हा सांगितले नाही. लाज वाटून घेण्याइतके त्यांनी आधीच पाहिले होते.

पुढची व्यवस्था त्यांच्या संमतीने झाली आणि मुलाला मी हीच अट घातली होती. खेळाच्या साइटवर स्वतःला वगळण्याची, म्हणजे आपल्याला खेळू देऊ नये असे साइटलाच कळवण्याची, सोय होती, ती त्यांनी स्वतः वापरली. पेन्शनच्या खात्यातून ऑनलाइन जाणाऱ्या रकमेची दिवसाची मर्यादा कमी केली आणि विवरण मुलालाही दिसेल असे केले. उसने घेतलेले पैसे मुलाने एकरकमी फेडून टाकू नयेत असे मी सुचवले, कारण कर्ज एका झटक्यात नाहीसे झाले की पुन्हा खेळायला जागा होते; वडिलांनी ते हप्त्याने स्वतः फेडायचे ठरले.

पैशांच्या वाटा बंद झाल्या तरी दोन वाजायचे थांबत नाहीत, म्हणून खरा प्रश्न त्या तासाचा होता. दुपारची दोन तासांची झोप अर्ध्या तासावर आणली आणि रात्री झोपायला जाण्याची वेळ पुढे ढकलली. जाग आल्यावर साधारण वीस मिनिटांत झोप लागली नाही तर अंथरूण सोडायचे, बाहेरच्या खोलीत मंद दिव्यात बसायचे आणि डोळे जड झाले की मगच परत यायचे. बिछान्यात पडून राहणे हेच त्यांच्या बाबतीत खेळाचे दार होते.

तिसऱ्या महिन्यात, पत्नीच्या निधनाला दोन वर्षे झाली त्या रात्री, ते नव्या साइटवर जाऊन पुन्हा खेळले. मर्यादेमुळे गेलेली रक्कम छोटी होती, आणि सकाळी त्यांनी स्वतः मुलाला फोन करून सांगितले. मुलगा चिडला. मला मात्र त्या फोनचे मोल अधिक वाटले, कारण पहिल्या भेटीत ज्या खोटे बोलण्याविषयी विचारले होते, ते या वेळी घडले नव्हते.

त्यानंतर त्यांना रात्रपाळीचा एक जुना सहकारी आठवला. तोही निवृत्त झाला आहे आणि त्याचीही झोप दोनला मोडते. आता आठवड्यातून तीन-चार रात्री दोघे एकमेकांना फोन करतात. त्यासाठी मुलाने एक साधा, बटणांचा फोन आणून उशाशी ठेवला आहे. मोठा फोन रात्री बाहेरच्या खोलीत चार्जिंगला असतो आणि तेथे तो वडीलच नेऊन ठेवतात.