रात्री घालायच्या लेन्स: नंबर, खर्च आणि नळाचं पाणी

प्रश्न: मुलगी दहा वर्षांची आहे, नंबर मायनस 3, दरवर्षी वाढतोय. रात्री घालायच्या ऑर्थो-के लेन्स द्याव्यात का? खर्च किती, आणि इन्फेक्शन होतं का? आम्ही सांगलीजवळ राहतो.

मी सांगलीत ऑप्टोमेट्रिस्ट आहे, मुलांना या लेन्स बसवते. मायनस 3 यात आरामात बसतो. साधारण मायनस 4-5 पर्यंत निकाल चांगला येतो, सिलिंडर, म्हणजे दृष्टिवैषम्याचा तिरपा नंबर, मात्र कमी हवा. झोपेत ही कडक लेन्स कॉर्नियाचा, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याचा, मधला भाग किंचित चपटा करते, म्हणून दिवसा चष्म्याशिवाय दिसतं. नंबर वाढण्याचा वेगही कमी होतो, पण वाढ थांबेलच असं नाही. लेन्स बंद केल्या की जुना नंबर परत येतो.

आधी कॉर्नियाचा नकाशा, म्हणजे टोपोग्राफी, करून घ्या. कॉर्निया शंकूसारखा होत असेल तर या लेन्स नकोत. उन्हाळ्यात मुलगी डोळे चोळत असेल, लाल होत असतील, तर आधी ॲलर्जी आटोक्यात आणा.

जोडी साधारण 30 ते 50 हजारांना पडते आणि बहुधा वर्षाने बदलावी लागते. त्याशिवाय लेन्स धुवायचं महिन्याचं सोल्युशन आहेच. पहिल्या रात्रीनंतरची सकाळ, एक आठवडा, एक महिना, तीन महिने, मग दर सहा महिन्यांनी तपासणी. पैसे भरण्याआधी विचारा, यातल्या किती भेटी पॅकेजमध्ये आहेत आणि लेन्स फुटली तर काय. या भेटींना येणं जमणार नसेल तर लेन्स घेऊच नका.

इन्फेक्शन होतं, क्वचित, पण झालं तर कॉर्नियावर कायमचा डाग राहू शकतो. माझ्याकडे मिरजेचा एक मुलगा यायचा. तिसऱ्या महिन्यात डोळा लाल, उजेड सहन होईना. आईने दोन दिवस मेडिकलमधले थेंब घातले, लेन्स रात्री चालूच. कॉर्नियावर बारीक पांढरा ठिपका दिसला, लगेच त्याला कॉर्नियाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. ठिपका बरोबर मधोमध नव्हता म्हणून नजर वाचली. लेन्स कशाने धुता विचारलं, तर आई म्हणाली, "मॅडम, नळाचं नाही हो, आरओचं पाणी."

आरओचं, उकळलेलं, बाटलीचं, कुठलंच पाणी नको. पाण्यातला अकँथअमीबा नावाचा जीव कॉर्नियात शिरला तर महिनोन्महिने औषध चालतं. साबणाने धुतलेले हात नॅपकिनने पूर्ण कोरडे करा. लेन्स सोल्युशननेच चोळा, डबीतलं सोल्युशन रोज फेकून नवीन भरा, आणि डबी एक ते तीन महिन्यांत बदला. सकाळी लेन्स चिकटलेली वाटली तर ओढू नका. डॉक्टरांनी दिलेले ओलाव्याचे थेंब घाला, पापण्या मिटू-उघडू द्या, लेन्स हलायला लागली की मगच काढा.

ताप-सर्दी असेल त्या रात्री लेन्स नको. डोळा लाल झाला, दुखला किंवा धूसर दिसलं, तर लेन्स काढा, परत घालू नका, आणि डबीसकट त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.